कसं येणं केलंत?

मागच्या वर्षी आमच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर एक पाटी लागली. निळ्या अक्षरांत, 'आम्ही आपली काय मदत करू शकतो?' खिडकीतल्या मुलींनी समोर येणाऱ्याला तोंडानेही हेच म्हणायचं, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात निफाडकडची एक आजी ते ऐकून जागीच थबकली. "मदत नको गं बाई, पैसे आणलेत मी. डॉक्टर आहेत का तेवढं सांग." म्हणत तिने कनवटीला हात घातला.

खिडकीतल्या मुली हसल्या. पुढे आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत त्या किश्शाची नक्कल चालली होती. आजीचं काही चुकलं होतं असं मात्र मला वाटत नाही. तिने वाक्य नीट ऐकलं होतं आणि आपल्या जिल्ह्यात त्या शब्दाचा जो अर्थ होतो तोच घेतला होता.

नाशिकमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्याचे तीन दिवस मी समुपदेशनाला बसते. माझ्या कामात औषध नाही, सुई नाही, यंत्र नाही. आहे ते बोलणं, आणि त्यातलंही पहिलं वाक्य पुढच्या अर्ध्या तासाचा रस्ता ठरवतं. सध्या दवाखाने, हेल्पलाइन, शाळांमधले समुपदेशन कक्ष या सगळीकडे सुरुवातीची वाक्यं लिहून दिली जातात. ती तीन साच्यांत येतात. 'मी काय मदत करू शकतो', 'तुम्ही इथे कशासाठी आलात' आणि 'तुमच्या मनात काय आहे ते सांगा'. तिन्ही इंग्रजीतून आलेली आहेत आणि तिथे तिन्ही सभ्यच वाटतात. मराठीत आल्यावर मात्र तिघांची गत वेगवेगळी होते. माझं म्हणणं असं, की यांतलं मधलं वाक्य आपल्या बोलीतून घ्यावं आणि 'कसं येणं केलंत?' असं विचारावं. पहिलं वाक्य टेलिफोनपुरतं ठेवावं. तिसरं पहिल्या भेटीत तोंडातून काढूच नये.

'मदत' या शब्दापासून सुरू करते. आपल्याकडे मदत जाहीर होते. गारपीट झाली, अवकाळी पाऊस झाला, की पंचनामा होतो, याद्या लागतात आणि खात्यात मदत जमा होते किंवा होत नाही. मदत मागणाऱ्याला आधी आपण पात्र आहोत हे दाखवावं लागतं, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक घेऊन. ज्याने चार वेळा तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला कुणी 'काय मदत करू?' विचारलं, की तो नकळत मागणीच्या भाषेत शिरतो. तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे याचा अंदाज घेतो आणि तेवढंच मागतो. डॉक्टर असेल तर इंजेक्शन, समुपदेशक असेल तर दाखला नाहीतर चिठ्ठी. आपल्याला नेमकं काय झालंय हे ज्याला अजून कळलेलं नाही, त्याला काय मागावं हे कुठून कळणार?

ही अडचण फक्त आपली नाही. हार्वे सॅक्स नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1963-64 च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं अभ्यासली होती. संभाषणाचं विश्लेषण ही सबंध ज्ञानशाखा पुढे त्याच कामातून उभी राहिली. तिथले कर्मचारी स्वतःचं नाव सांगून 'मी आपली मदत करू शकतो का?' असं म्हणत. त्यावर काही जण 'माहीत नाही' असं उत्तर देत. सॅक्सने हे उत्तर गांभीर्याने घेतलं. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारला तर त्याच्याकडे उत्तर तयार असतं, कारण तो काय घ्यायचं ते ठरवून आलेला असतो. मरणाच्या विचारात असलेल्या माणसाला खरोखरच माहीत नसतं. मदत होऊ शकते की नाही, हाच तर त्याच्यापुढचा प्रश्न असतो. त्याने दिलेलं उत्तर अगदी प्रामाणिक असतं. प्रश्न दुकानातून उचललेला असतो.

आता तिसरं वाक्य. 'मनात काय आहे ते सांगा' किंवा 'मन मोकळं करा.' नव्याने प्रशिक्षण घेऊन आलेल्या मुलामुलींना ही वाक्यं फार आवडतात, कारण ती मायेची वाटतात. पण घरात 'काय आहे तुझ्या मनात?' हे आपण कधी म्हणतो ते आठवून बघा. जमिनीची वाटणी चालू असताना म्हणतो. मुलीच्या लग्नाला कुणी फाटे फोडत असेल तेव्हा म्हणतो. मनात असतं म्हणजे डाव असतो, किल्मिष असतं, पोटात एक आणि ओठात एक असतं. अनोळखी खोलीत अनोळखी बाईने हे विचारलं, की समोरचा आधी आपला बचाव करतो. तो अडचणीत असला तरी ते करतो. शिवाय पहिल्याच मिनिटाला मन उघडं करायला सांगणं हा एक प्रकारचा उतावळेपणा आहे. आपण उंबऱ्यात आलेल्याला आधी पाणी देतो, बसा म्हणतो, गाडीला गर्दी होती का विचारतो.

उरलं मधलं. 'कशासाठी आलात?' हे कागदावर सरळ वाटतं, पण तोंडाने म्हणून पाहा. कचेरीतल्या शिपायाचा सूर आपोआप लागतो. "कोण पाहिजे? कशाला आलात?" याच प्रश्नाचं बोलीतलं भावंड आहे 'कसं येणं केलंत?' किंवा 'आज कसं काय येणं झालं?' पाहुणा दारात आला की आपण हेच विचारतो. यात येण्याला मान आहे. आणि दुसरी गोष्ट, जी मला कामात कळली, ती व्याकरणाची आहे. 'कशासाठी' विचारलं की हेतू सांगावा लागतो. 'कसं' विचारलं की हकीकत सांगता येते. हेतू ठाऊक नसलेल्या माणसालाही हकीकत ठाऊक असते. सकाळी किती वाजता निघालो, कुणाबरोबर आलो, कुणी जा म्हणालं, एवढं तरी तो सांगतोच. आणि बहुतेक वेळा मुद्दा त्या हकीकतीतच कुठेतरी बसलेला असतो.

एक प्रसंग सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. चाळिशीतला द्राक्ष बागायतदार, साडेतीन एकर बाग. केसपेपरवर 'डोकेदुखी, झोप नाही' एवढंच लिहिलेलं. त्या दिवशी माझ्याजवळ शिकायला आलेली एक मुलगी होती, पहिलं बोलणं तिनेच करायचं होतं. तिने पाठ केल्याप्रमाणे विचारलं, "मी तुमची काय मदत करू शकते?" तो म्हणाला, "झोपेची गोळी लिहून द्या." ती म्हणाली, आम्ही समुपदेशक गोळ्या लिहून देत नाही. तो म्हणाला, "मग डॉक्टरांना सांगा ना ताई तुम्ही." पुढची दहा मिनिटं गोळ्यांवरच गेली. सवय कशी लागते, चहा किती घेता, मोबाइल रात्री किती वेळ बघता. सगळं बरोबर, सगळं पुस्तकातलं. तो "बरं बरं" म्हणत उठला. दोघांनीही एकमेकांना नीट उत्तरं दिली होती आणि एक अक्षरही कामाचं निघालं नव्हतं.

मी त्याला पुढच्या मंगळवारी बोलावलं. तो येईल असं मला वाटत नव्हतं, पण आला. मी म्हटलं, "या भाऊ, बसा. आज कसं येणं केलंत?"

"मेव्हण्याने आणलं. बाहेर गाडीपाशी उभा आहे."

"मागल्या वेळी पण त्यांनीच?"

"हो. त्याचं काम सोडून येतो बिचारा."

"काय वाटलं त्यांना, म्हणून आणलं?"

यावर तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मीही काही बोलले नाही. मग म्हणाला, "त्याला वाटतं, मी काहीतरी करून घेईन."

झोपेच्या गोळीपासून या वाक्यापर्यंत यायला तीन साधे प्रश्न लागले. तिन्ही येण्याबद्दलचे होते, एकही मनाबद्दलचा नव्हता. स्वतःच्या तोंडाने जे सांगणं त्याला जड होतं ते मेव्हण्याच्या तोंडी घालून सांगता आलं. 'मदत' शब्दाने सुरुवात झाली असती तर मेव्हणा त्या खोलीत आलाच नसता.

इथून पुढे मात्र आडून बोलायचं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. पहिला प्रश्न सैल असावा, हा प्रश्न मात्र घट्ट लागतो. मी विचारलं, "त्यांना तसं वाटतं. तुम्हाला स्वतःला जीव संपवावा असं वाटतं का?" असं थेट विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही, हे या क्षेत्रात पुरेसं तपासून झालेलं आहे. तो हो म्हणाला. मग पंपाच्या खोलीत फवारणीचं काय काय ठेवलंय, तिची किल्ली कुणाकडे असते, हे विचारलं. मेव्हण्याला आत बोलावलं आणि किल्ली त्याच्याकडे राहील हे तिघांनी मिळून ठरवलं. त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर म्हणून टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मेव्हण्याच्या आणि त्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये घालून दिला.

कारण पुढच्या भेटींत कळलं. माल घेऊन गेलेला व्यापारी पैसे न देता पसार झाला होता. नाशिक जिल्ह्यात हे नवं नाही. पण त्याचं दुखणं बुडालेल्या पैशाचं नव्हतं. तो व्यापारी भावाच्या बागेवरही यानेच नेला होता. भाऊ एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं.

या पुढच्या भेटींपैकी एकीत मी एक चूक केली, ती लपवत नाही. जरा ओळख झाली म्हणून म्हटलं, "भावाबद्दल मनात काय आहे तुमच्या?" तो चटकन ताठ झाला. "माझ्या मनात काही नाही ताई. कुणाबद्दल वाईट नाही." वर सांगितलेला शब्दाचा वास मला माहीत असूनही तोंडातून गेला. मी प्रश्न बदलला. "रात्री जाग येते तेव्हा काय काय आठवत राहतं?" तेव्हा त्याने बांधावरचा एक प्रसंग सांगितला, दोघे भाऊ, व्यापारी आणि हिशेबाची वही. 'मन' मागितलं तेव्हा दार लागलं. रात्रीची वेळ विचारली तेव्हा उघडलं.

आता एक आक्षेप येतो तो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून, आणि तो रास्त आहे. सकाळच्या ओपीडीला शंभराच्या वर माणसं असतात. 'कसं येणं केलंत' विचारून हकीकती ऐकत बसलो तर रांग त्र्यंबक रोडपर्यंत जाईल. वेळेबद्दल इतरत्र जे मोजलं गेलंय ते इथे बघण्यासारखं आहे. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी अमेरिकेतल्या 74 ध्वनिमुद्रित तपासण्यांचा अभ्यास छापला. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत त्याला तोडत होते. 1999 मध्ये दुसऱ्या एका गटाने तसंच मोजलं तेव्हा हा आकडा 23 सेकंदांवर आला, आणि ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांनी इतरांपेक्षा फक्त सहा सेकंद जास्त घेतले. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी रुग्ण थांबेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं. 2002 साली ते निष्कर्ष छापून आले. रुग्ण सरासरी दीड मिनिटात आपणहून थांबले होते.

बाझलचं इथे तसंच्या तसं लागू होत नाही, हे मला मान्य आहे. जिथे माणूस तपासून चिठ्ठी द्यायला मिळूनच दोन-तीन मिनिटं असतात तिथे दीड मिनिट म्हणजे अर्धा संसार. म्हणून मी ओपीडीतल्या डॉक्टरांना प्रत्येकाची हकीकत ऐका असं म्हणणार नाही. मला खटकतं ते दुसरंच. केसपेपरवर खिडकीतून 'डोकेदुखी' लिहून येतं. डॉक्टर मान वर न करता वाचतात, "डोकं दुखतंय ना?" रुग्ण म्हणतो, "हो." संपलं. हेरिटेज आणि रॉबिन्सन या दोन संशोधकांनी 2006 मध्ये डॉक्टरांच्या सुरुवातीच्या प्रश्नांची तुलना केली होती. असा 'हो' मागणारा प्रश्न विचारला की रुग्ण थोडक्यात आटपतो आणि मोकळा प्रश्न विचारला की जास्त बोलतो, जास्त लक्षणं सांगतो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे तो 'ना?' फार स्वस्त झाला आहे. शंभर माणसांच्या रांगेतही "बोला मावशी" म्हणायला तेवढाच वेळ लागतो. खरं तर 'बोला' हा आपला सगळ्यात जुना आणि गुणी प्रारंभ आहे. त्यात मदतीचं आश्वासन नाही, मनाची चौकशी नाही, फक्त पाळी समोरच्याकडे दिलेली आहे. तो म्हणताना मान वर असावी, एवढीच अट.

शेवटचा प्रश्नही याच जातीचा आहे, म्हणून जाता जाता सांगते. 'अजून काही आहे का?' यावर आपण 'नाही' म्हणतो, सवयीने, जसं जेवताना 'वाढू का?' ला म्हणतो. इंग्रजीत हेच 2007 मध्ये तपासलं गेलं. 'अजून काही आहे का' या अर्थाच्या त्यांच्या प्रश्नातला एकच शब्द बदलला, 'any' च्या जागी 'some' घातला, आणि होकार गृहीत धरणारा प्रश्न केला, तर न सांगता राहून गेलेल्या तक्रारी 78 टक्क्यांनी घटल्या. 'any' ने तसा फरक पडला नाही. आपल्याकडे तो एक शब्द बदलण्याची सोय नाही, पण 'आणखी काय सांगायचं राहिलंय?' असं म्हणता येतं. माझ्या अनुभवात दाराशी पोहोचलेला माणूस यावर परत येऊन बसतो.

'कसं येणं केलंत' हा मंत्र नाही. कॉलेज रोडच्या क्लासमधून आईवडिलांनी आणून बसवलेला सतरा वर्षांचा मुलगा यावर सरळ सांगतो, "मी नाही आलो, मला आणलंय." काही समुपदेशकांना हा उद्धटपणा वाटतो. मला ते उत्तर सोन्यासारखं वाटतं, कारण पुढचा प्रश्न त्याने आयता दिलेला असतो: आणणाऱ्यांना काय वाटतं, आणि त्यातलं तुला किती पटतं? सासूबरोबर आलेल्या सुनेला मात्र सासूसमोर हा प्रश्न विचारू नये. ती सासूची हकीकत सांगेल. दोघींना वेगळं बसवूनच विचारावा. आणि अपघात, विषबाधा, छातीत कळ अशा वेळी येण्याची चौकशी कसली करता? तिथे 'काय झालं, कधी झालं' एवढंच. टेलिफोनवर तर कुणी कुठून आलेलंच नसतं. फोन करणाऱ्याला आपण बरोबर ठिकाणी लागलो का हे आधी कळावं लागतं, त्यामुळे तिथे ठिकाणाचं नाव आणि 'मदत' हा शब्द कामाला येतो. पण त्यानंतर लगेच 'बोला, ऐकतेय' म्हणून गप्प बसावं. सॅक्सने ऐकलेल्या 'माहीत नाही'ला तिथेही जागा मिळायला हवी.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य अधिकृतपणे शिकवलं जातं, आणि राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. तिथून बाहेर पडणारी उदाहरणं राज्यभराच्या वर्गांत जातात. म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. सरावासाठी दिलेली वाक्यं भाषांतर करून देऊ नका. पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात बसणारी परिचारिका, सातपूरच्या कामगार वस्तीत फिरणारी आशाताई, सिन्नरच्या बाजारपेठेतला डॉक्टर, ही माणसं बोलायला सुरुवात कशी करतात ते आधी टिपून घ्या. मग त्यातून वाक्यं निवडा.

आमच्यापुरतं आम्ही थोडं बदललं. खिडकीवरची पाटी अजून आहे, ती काढायला विश्वस्तांची बैठक लागते. पण केसपेपरवर 'तक्रार' असा जो रकाना होता तिथे आता 'कसं येणं झालं (त्यांच्याच शब्दांत)' असं छापलंय. खिडकीतल्या मुली कुरकुरतात, कारण एका शब्दाऐवजी ओळ लिहावी लागते. परवाच्या एका केसपेपरवर लिहिलं होतं, 'लेक म्हणाली जा, म्हणून आले. पायाचं दाखवते पण पायाचं नाही.'